पहाटेच्या झोपेतला दातेरी आलेख

घड्याळ मनगटावर ठेवूनच झोपणाऱ्यांना सकाळी फोनवर रात्रभराच्या नाडीचा आलेख दिसतो. तो बघून बरेच जण दचकतात. रात्र शांत गेलेली असते, मध्ये जाग आल्याचं आठवत नाही, आणि पडद्यावरची रेघ मात्र पहाटेच्या सुमारास करवतीसारखी दातेरी झालेली असते. झोपेत हृदय असं का उसळलं, हे दुखणं तर नाही ना, हा प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर एका आलेखाच्या आधारे नीट समजून घेता येतं.

उदाहरणादाखल असा एक आलेख डोळ्यांसमोर आणू. पंचेचाळिशीतल्या, तब्येतीने ठणठणीत असलेल्या एका बाईंचा. त्या रात्री अकराला झोपल्या आणि सकाळी सहाला उठल्या. झोप लागली तेव्हा नाडी मिनिटाला ६८ होती. तासाभरात ती ५८ पर्यंत उतरली आणि पुढे दीड-दोन तास तिथेच, जवळजवळ सरळ रेघेत राहिली. साडेबाराच्या आसपास एक छोटासा उंचवटा आला. दोननंतर रेघ अस्वस्थ होऊ लागली, आणि साडेचार ते साडेपाच या तासात ती ५४ आणि ७८ यांच्या मध्ये वरखाली होत राहिली. ॲपने उभी पट्टी ५० ते ८० एवढीच ठेवली होती, म्हणून चोवीस ठोक्यांचा हा फरक पडद्याची जवळजवळ सगळी उंची व्यापून बसला. तोच आलेख ० ते १५० या पट्टीवर काढला असता तर कुणाचं लक्षही गेलं नसतं. तेव्हा आलेख पाहताना आधी डावीकडचे आकडे वाचावेत आणि मग रेघेकडे वळावं.

पहाटेच्याच वेळी हे दाते का आले, हे कळायला १९५३ सालच्या शिकागो विद्यापीठात जावं लागतं. युजिन असेरिन्स्की नावाचा विद्यार्थी तिथे नॅथॅनिएल क्लाइटमन यांच्या हाताखाली झोपेचा अभ्यास करत होता. डोळ्यांच्या कडेला इलेक्ट्रोड चिकटवून बुबुळांच्या हालचाली तो रात्रभर कागदाच्या पट्टीवर उतरवून घेत असे. सुरुवातीच्या काळात ज्यांच्यावर हे प्रयोग झाले, त्यांत त्याचा लहान मुलगा आर्मंडही होता. मुलगा गाढ झोपलेला असताना कागदावरच्या सुया मध्येच जोरात हलू लागत, जणू तो जागा होऊन इकडेतिकडे बघतो आहे. यंत्र बिघडलं असावं अशी शंका फिटल्यावर असेरिन्स्कीने मोठ्या माणसांनाही अशा वेळी उठवून पाहिलं, तर बहुतेकांनी आपण स्वप्न पाहत होतो असं सांगितलं. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात त्या दोघांनी हेही नोंदवलं की, या टप्प्यात श्वास आणि हृदयाचे ठोके दोन्ही वाढतात. डोळ्यांच्या या जलद हालचालींवरूनच त्या झोपेला पुढे ‘रेम’ हे नाव पडलं.

झोप साधारण दीड तासाच्या फेऱ्यांनी पुढे सरकते. प्रत्येक फेरीत आधी हलकी, मग गाढ आणि शेवटी रेम झोप येते. पण सगळ्या फेऱ्या सारख्या नसतात. रात्रीच्या पहिल्या तिसऱ्या भागात गाढ झोपेचा वाटा मोठा असतो आणि रेमचा पहिला तुकडा जेमतेम दहा मिनिटांचा असतो. जसजशी पहाट जवळ येते तशी गाढ झोप संपत जाते आणि रेमचा तुकडा अर्धा-पाऊण तास लांबतो. आपण जिला साखरझोप म्हणतो तिच्यात रेमचा वाटा मोठा असतो. आपल्या आलेखातल्या त्या बाईंचा साडेबाराचा छोटा उंचवटा म्हणजे बहुधा पहिली रेम आणि साडेचारनंतरचा दातेरी तास म्हणजे शेवटची, सगळ्यात लांब रेम. वेळा तंतोतंत जुळतात.

आता प्रत्यक्ष हृदयाकडे येऊ. गाढ झोपेत हृदयावर मुख्य ताबा व्हेगस नावाच्या मज्जातंतूचा असतो. तो ठोक्यांचा वेग खाली ठेवतो. श्वास आत घेताना नाडी किंचित वाढते आणि सोडताना किंचित उतरते, एवढाच काय तो चढउतार. म्हणून सरळ रेघ. रेममध्ये हे चित्र पालटतं. अंगाचे स्नायू जवळजवळ पूर्ण ढिले पडलेले असतात, पण मेंदू जागेपणाइतकाच कामात असतो. मेंदूच्या तळाशी, मेंदूस्तंभात, अधूनमधून एकदम खळबळ उठते. त्या क्षणी डोळे भराभर फिरतात, बोटं किंवा ओठ थरथरतात, श्वास अनियमित होतो आणि हृदयाला वेग वाढवण्याचा इशारा जातो. या खळबळीच्या मधल्या काळात रेम शांत असते. म्हणजे एकाच रेम झोपेत काही सेकंदांचा उसळता टप्पा आणि त्यामागून निवांत टप्पा, असा क्रम चालू असतो. ज्या घरात कुत्रं किंवा मांजर आहे त्यांनी हे डोळ्यांनी पाहिलेलं असतं: झोपलेल्या प्राण्याचे पंजे एकदम फडफडतात, पापण्यांखाली बुबुळं पळतात, आणि अर्ध्या मिनिटात पुन्हा सगळं शांत.

हा इशारा किती जोरदार असतो, हे अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात व्हिरेंड सोमर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या या कामात त्यांनी निरोगी माणसांच्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, त्वचेखालून जाणाऱ्या एका मज्जातंतूत अतिशय बारीक सुई बसवली आणि ती तशीच ठेवून त्यांना झोपू दिलं. धावपळीच्या, ताणाच्या वेळी शरीराला सज्ज करणारी जी सिम्पथेटिक मज्जासंस्था, तिचे संदेश त्या सुईतून थेट मोजता येतात. गाढ झोपेत हे संदेश जागेपणीपेक्षा खूपच कमी झाले. रेममध्ये मात्र ते जागेपणीच्या दुपटीहून जास्त भरले. पलंगावर निपचित पडलेल्या माणसाच्या शरीरात ही धामधूम चाललेली होती. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो, कारण झोप म्हणजे सगळ्या यंत्रणेची विश्रांती ही समजूत त्याने कायमची मोडीत काढली.

अशी एक उसळी आली की नाडी काही सेकंदांत दहा-वीस ठोक्यांनी चढते. त्यासोबत रक्तदाबही वाढतो. मानेतल्या मोठ्या रोहिणीत आणि हृदयाजवळच्या महारोहिणीत दाब ओळखणाऱ्या पेशी असतात. त्यांना हा वाढलेला दाब कळतो, व्हेगस पुन्हा लगाम खेचतो आणि नाडी आधीच्या पातळीच्याही थोडी खाली जाते. म्हणून प्रत्येक दात्याला चढ असतो तसा उतारही असतो. मधल्या निवांत टप्प्यात ठोके आणखी संथ होतात. आपल्या आलेखातला ५४ चा तळ हा असाच आला.

इथे बहुतेक जण विचारतात, मग त्या वेळी काहीतरी भयंकर स्वप्न पडलं होतं का? तसं आलेखावरून सांगता येत नाही. ही खळबळ मेंदूस्तंभातून उठते आणि कुठल्याही स्वप्नात, न आठवणाऱ्या साध्यासुध्या स्वप्नातही उठते. वाईट स्वप्नाने नाडी वाढते खरी, पण ती वाढ बहुधा बेताचीच असते. याउलट, रात्री झोपल्यानंतर पहिल्या दोन-तीन तासांत एखादं मूल किंचाळत उठून बसतं, घामाघूम होतं, आईला ओळखत नाही आणि सकाळी त्याला काहीच आठवत नाही, तेव्हा त्याची नाडी मिनिटभरात दुप्पट झालेली असू शकते. पण तो प्रकार रेमचा नाही. तो गाढ झोपेतून अर्धवट जागं होण्याचा आहे. म्हणून पूर्वरात्रीच्या सरळ रेघेतून एकदम उभा राहिलेला मोठा सुळका आणि पहाटेचे छोटे दाते, ही दोन वेगळी माणसं असावीत इतकी वेगळी प्रकरणं आहेत.

आतापर्यंत मी असं गृहीत धरलं की, घड्याळ प्रत्येक उसळी दाखवतं. प्रत्यक्षात बहुतेक घड्याळं तसं करत नाहीत, आणि हा मुद्दा समजून घेतल्याशिवाय आलेख वाचता येत नाही. घड्याळाच्या तळाचा हिरवा दिवा त्वचेखालच्या रक्ताच्या लहरी मोजतो. मग त्या मोजणीची सरासरी काढून एक ठिपका मांडला जातो. ही सरासरी काही ठिकाणी मिनिटाची असते, काही ठिकाणी पाच मिनिटांची. समजा नाडी ५८ आहे आणि आठ सेकंदांसाठी ती ८० झाली. बावीस ठोक्यांची ही वाढ साठ सेकंदांत वाटली गेली की मिनिटाची सरासरी होते ६१. पाच मिनिटांची सरासरी काढली तर ५९ सुद्धा होत नाही, साडेअठ्ठावन्नच्या थोडी वर थांबते. मागोमाग येणारी घसरण धरली तर हा फरक आणखी कमी होतो.

याचा अर्थ असा की, पाच मिनिटांच्या आलेखात जर ७८ चा दाता दिसत असेल, तर तो एका उसळीचा असूच शकत नाही. त्या पाच मिनिटांत नाडी खरोखरच बराच वेळ चढलेली होती. बहुधा माणूस कूस बदलताना जागा झाला, पाणी प्यायला उठला किंवा बाथरूमला जाऊन आला. अशा जागेपणाचे काही क्षण सकाळी आठवतही नाहीत. काही घड्याळं मात्र सरासरी न काढता थोड्या थोड्या वेळाने एकेक क्षणाची नोंद घेतात. त्यांच्या आलेखात एखादी नोंद नेमकी उसळीवर पडते, पुढची घसरणीवर, आणि खरे दाते दिसतात, पण त्यांची संख्या आणि अंतर हा निव्वळ योगायोग असतो. आपल्या ॲपमध्ये आलेखावर बोट ठेवून दोन ठिपक्यांमधलं अंतर पाहिलं की आपण कुठल्या प्रकारचा आलेख पाहतो आहोत याचा अंदाज येतो.

आणखी एक अडचण आहे. ॲप त्या दातेरी भागाखाली रंगीत पट्टी काढून ‘रेम’ असं लिहितं, आणि वाचणाऱ्याला वाटतं की खातरजमा झाली. पण मनगटावरच्या घड्याळाला मेंदूच्या लहरी किंवा डोळ्यांच्या हालचाली दिसत नाहीत. हात हलत नाही आणि नाडी अस्थिर आहे, म्हणजे रेम असावी, असा त्याचा मुख्य आडाखा असतो. तेव्हा ‘रेम होती म्हणून नाडी दातेरी’ हे ॲपच्या पट्टीवरून सिद्ध होत नाही, कारण ती पट्टीच नाडीवरून काढलेली असते. त्यापेक्षा रात्रीची वेळ हा चांगला पुरावा आहे. दर दीड-दोन तासांनी येणारे आणि पहाटेकडे लांबत जाणारे अस्थिर पट्टे रेमशी जुळतात. झोप लागल्यापासून उठेपर्यंत सलग दातेरी असलेली रेघ जुळत नाही.

मग धोक्याचा आलेख कसा असतो? रेमच्या उसळ्या अनियमित असतात: एक छोटी, एक मोठी, दोन जवळजवळ, मग मोठी उघडीप. याउलट, नाडी एका ठरावीक तालात, दर अर्ध्या ते एका मिनिटाने, तासन्‌तास सारखीच वरखाली होत असेल तर ते लक्षण स्लीप ॲप्नियाचं असू शकतं. या आजारात झोपेत घसा आतून मिटतो आणि श्वास दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ अडतो. श्वास अडलेला असताना नाडी मंदावते. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू क्षणभर जागा होतो, माणूस मोठ्याने घोरत श्वास ओढतो आणि नाडी झपाट्याने चढते. मग पुन्हा झोप, पुन्हा घसा मिटणं. क्रिस्तियान गिलमिनो यांनी १९८४ साली हा चढउतार वर्णन केला आणि चोवीस तासांच्या ईसीजीवरून, म्हणजे होल्टरवरून, तो ओळखता येईल असं सुचवलं. झोपेत पायाला दर वीस-चाळीस सेकंदांनी झटके येणाऱ्यांतही असाच ताल दिसतो, म्हणून निदान एकट्या नाडीवरून करत नाहीत.

आणि हा सगळ्यात महत्त्वाचा ताल नेमका सरासरीत गडप होतो. श्वास अडल्यावर पंचवीस सेकंद नाडी ५२ आणि सुटल्यावर पंधरा सेकंद ७२, असं चक्र रात्रभर चालू आहे असं धरा. सरासरी येते साधारण ६०. पाच मिनिटांच्या आलेखात रात्रभर ६० ची सुरेख, जवळजवळ सरळ रेघ दिसेल. तो माणूस ‘माझा आलेख किती छान’ म्हणून निश्चिंत राहील, आणि शेजारी झोपणाऱ्या बायकोला त्याच्या घोरण्याने आणि मध्येच थांबणाऱ्या श्वासाने झोप नसेल. मला दातेरी आलेखापेक्षा या सरळ रेघेची जास्त काळजी वाटते. घोरणं, श्वास थांबल्याचं घरच्यांनी पाहणं, सकाळी जड डोकं, दुपारी गाडी चालवताना येणारी पेंग, औषधांना न जुमानणारा रक्तदाब, यांपैकी काही असेल तर आलेख कसाही असो, डॉक्टरांकडे जायलाच हवं.

काही आकार घड्याळाच्या चुकीचे असतात. पट्टा सैल असला, हात अंगाखाली दबला किंवा फार गार पडला की दिव्याला लहर नीट मिळत नाही. कधी एकाच ठोक्याच्या लहरीतला दुसरा लहान उंचवटा वेगळा ठोका म्हणून मोजला जातो आणि ५६ ची नाडी एकदम ११२ दाखवली जाते. नेमकं दुप्पट किंवा निम्मं झालेलं, चढ-उतार नसलेलं एकटंदुकटं टोक असेल तर आधी पट्टा तपासावा. खऱ्या उसळीला आजूबाजूला थोडा तरी उतार असतो.

आणि काही वेळा प्रश्न दात्यांचा नसतोच, पूर्ण रेघच वर सरकलेली असते. लग्नाचं उशिराचं जेवण, दारू, अंगात मुरत असलेला ताप, उकाड्याची रात्र, यांनी पूर्वरात्रीची नाडी नेहमीपेक्षा पाच-दहा ठोके वर राहते आणि तळ पहाटे उशिरा येतो. एखाद्या रात्रीचं असं असेल तर कारण सहसा आदल्या संध्याकाळी सापडतं. आठवडाभर तसंच राहिलं आणि कारण सापडत नसेल, तर रक्तक्षय, थायरॉइड किंवा एखाद्या औषधाचा परिणाम यांची तपासणी करून घ्यावी. झोपेत नाडी बराच वेळ शंभराच्या वर राहणं, धडधडीने जाग येणं, चक्कर येऊन पडणं, घराण्यात कुणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झालेला असणं, या गोष्टी थांबून पाहण्यातल्या नाहीत.

निरोगी हृदयाला रेमच्या उसळ्या सहज पेलतात. ज्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या आहेत त्यांचं तसं नाही. १९६५ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी रात्री छातीत दुखून उठणाऱ्या काही रुग्णांची झोप नोंदवली, तेव्हा दुखण्याचे बहुतेक प्रसंग रेमच्या काळात आलेले दिसले. नाडी आणि दाब वाढला की हृदयाला जास्त रक्त लागतं आणि अरुंद वाहिनी ते पुरवू शकत नाही. म्हणून पहाटे छातीत दुखून जाग येणाऱ्याने ‘स्वप्नात दचकलो’ म्हणून पुन्हा पांघरूण ओढू नये.

स्लीप ॲप्नियाची शंका आली तर झोपेची तपासणी करतात. तिला पॉलिसोम्नोग्राफी म्हणतात, पण रुग्णालयात सगळे ‘स्लीप स्टडी’ म्हणूनच ओळखतात. डोक्यावर, डोळ्यांजवळ आणि हनुवटीवर इलेक्ट्रोड, नाकाखाली श्वासाची नळी, छाती-पोटावर पट्टे आणि बोटाला प्राणवायू मोजणारा चिमटा, असं सगळं लावून रात्रभर नोंद होते. त्यावरून तासाला किती वेळा श्वास अडला किंवा फार उथळ झाला हे मोजतात. मोठ्या माणसांत तासाला पाचपर्यंत ठीक, तीस किंवा जास्त म्हणजे आजार तीव्र. हा अहवाल हातात आल्यावर एकूण आकड्यावर थांबू नये. रेममध्ये घशाचेही स्नायू ढिले पडतात, म्हणून काहींचा श्वास फक्त रेममध्येच अडतो. परक्या जागी, अंगावर तारा लावून झोप नीट लागली नाही, पहाटेची लांब रेम आलीच नाही, की अशा माणसाचा एकूण आकडा चार येतो आणि ‘सगळं ठीक’ असा शेरा पडतो. तेव्हा डॉक्टरांना विचारावं: त्या रात्री रेम झोप एकूण किती मिनिटं मिळाली, रेममधला वेगळा आकडा किती आहे, आणि त्यातला किती वेळ मी उताणा झोपलो होतो? रेम अगदीच थोडी मिळाली असेल आणि लक्षणं ठळक असतील, तर तपासणी पुन्हा करण्याबद्दल त्याच भेटीत बोलून घ्यावं.